जीभ-खाचेच्या फळ्यांची सीलिंग : लपवलेल्या खिळ्यांच्या कामात या चुका टाळा

इंदूरमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीला लाकडी सीलिंग करायची म्हटली की बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात, फळी कुठली घ्यायची आणि पॉलिश कुठलं लावायचं. काम बिघडतं ते मात्र या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे फळीमागच्या रिपांत आणि बाहेरून कधीच न दिसणाऱ्या खिळ्यात. बिघाड लगेच कळतही नाही. जुलैत बसवलेली सीलिंग दिवाळीपर्यंत देखणी असते आणि एप्रिल-मेमध्ये सांध्यांतून पांढऱ्या रेघा दिसू लागतात. मग दोष लाकडाला दिला जातो.

उदाहरण म्हणून लोकमान्य नगरातल्या एखाद्या घरातली साधी खोली धरू. ती ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, म्हणजे आपली बारा बाय दहा. वर सिमेंटचा स्लॅब. फळी पाइनची, १२ मिमी जाड, दिसणारी रुंदी ९५ मिमी, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच. लांबी दहा फूट घेतली की ३ मीटरच्या बाजूला एकच अखंड फळी बसते आणि मध्ये जोड येत नाही. फळ्या ३ मीटरच्या दिशेने, म्हणून रिपा त्यांना आडव्या, ३.६ मीटरच्या दिशेने. ही दिशा उलटी धरण्याची चूकही होते. रीप फळीला समांतर गेली, तर खिळा ठोकायला प्रत्येक फळीला नवी जागा शोधत बसावं लागतं.

रीप : जिथे काम बिघडायला सुरुवात होते

१२ मिमी फळीला रिपांमधलं अंतर ४०० मिमीच्या वर जाऊ देऊ नका. भिंतीपासून ४० मिमी सोडून पहिली रीप, तितकंच सोडून शेवटची, मधल्या २९२० मिमीचे आठ सारखे भाग केले तर ३६५ मिमीवर एक रीप येते. एकूण नऊ रिपा, साधारण साडेबत्तीस मीटर लाकूड. खर्च वाचवायला सहा रिपांत भागवलं, तर दोन रिपांमध्ये ५८४ मिमी अंतर पडतं आणि फळी मध्ये झोळ खाते. हा झोळ दिवसा दिसत नाही. संध्याकाळी भिंतीवरचा दिवा लावला की सावलीत दिसतो.

आता रिपेची जाडी. दुकानात 'दोन बाय एक' म्हणून मिळणारी रीप रंधा मारल्यावर बऱ्याचदा २० मिमीच भरते. इथे एक छोटा हिशेब आहे. ३८ मिमीचा खिळा जिभेच्या मुळातून ४५ अंशांत गेला, तर साधारण ८ मिमी फळीत जातो आणि उरलेला ३० मिमी तिरका रिपेत शिरतो. तिरका ३० म्हणजे सरळ खोलीत २१ मिमी. रीप २५ मिमी असेल तर खिळा लाकडातच थांबतो. रीप २० मिमी असेल तर टोक प्लास्टरला किंवा काँक्रीटला टेकतं, खिळा वाकतो आणि त्याचं डोकं जिभेवर उभं राहतं. मिस्त्री म्हणतो, 'खिळे चांगले नाहीत.' खिळे ठीक असतात, पाच मिमी रीप कमी पडलेली असते. म्हणून सगळी खरेदी करताना पट्टी खिशात ठेवा आणि रंध्यानंतरची जाडी २५ मिमी मोजून घ्या. पातळ रिपाच हाती आल्या असतील, तर ३२ मिमीचा खिळा वापरा.

रीप स्लॅबला बसवायला ८ मिमीचं भोक, त्यात गिट्टी म्हणजे रावळप्लग, आणि ७५ मिमी लांब स्क्रू. स्क्रूतले २५ मिमी रिपेत आणि दहा-बारा प्लास्टरमध्ये जातात, काँक्रीटमध्ये अडतीस-चाळीस उरतात. ५० मिमीचा स्क्रू घेतला तर बराचसा भार प्लास्टरवर येतो आणि स्लॅबचं प्लास्टर त्यासाठी नसतं. दर ४५० मिमीवर एक स्क्रू पुरतो, कारण सीलिंगचं वजन फारसं नसतं. पाइनची १२ मिमी फळी चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या खोलीची सगळी सीलिंग पासष्ट किलोच्या आतबाहेर. ड्रिल करताना सळई लागली तर बिट दाबत बसू नका, इंचभर सरकून दुसरं भोक पाडा. स्लॅबमधून पंख्याकडे आणि दिव्याकडे जाणारे वायरचे पाइप कुठून जातात, ते भोकं पाडण्याआधी खडूने आखून ठेवा. पंखा स्लॅबमधल्या हुकालाच टांगायचा. त्याचा भार रिपेवर किंवा फळीवर कधीच द्यायचा नाही.

स्लॅब सपाट आहे असं गृहीत धरणं ही पुढची चूक. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दहा-पंधरा मिमीचा फरक अगदी सर्रास असतो. आधी पाण्याच्या नळीने किंवा लेसर लेव्हलने स्लॅबचा सगळ्यात खाली आलेला बिंदू शोधा. तिथली रीप स्लॅबला चिकटून बसेल आणि बाकीच्या रिपा तिच्या पातळीला खाली आणायच्या. दोरी ताणा, दोरी आणि रिपेमध्ये जिथे फट दिसते तिथे प्लायच्या चकत्या घाला. चकती बरोबर स्क्रूजवळ आली पाहिजे. दोन स्क्रूंच्या मध्ये घातली तर स्क्रू आवळताना रीप तिथेच वाकते.

रीप नीट बसली की नाही ते कानाने कळतं. हातोडीने हलकेच ठोका. 'धप' असा भरीव आवाज आला तर ती टेकलेली आहे. 'ठण' आवाज आला आणि रीप हाताला उसळी देत असेल, तर मागे पोकळ आहे. अशा रिपेवर हातोडीने ठोकलेला खिळा धरत नाही, कारण प्रत्येक घावाला रीप मागे जाते आणि परत येते.

फळी आकसते किती, फुगते किती

इंदूरचा मे कोरडा, दुपारच्या हवेत ओल जवळजवळ नसते. पाऊस लागला की तीच हवा दमट होते. लाकूड या हवेबरोबर ओल घेतं आणि सोडतं. रंगवलेल्या, घरातल्या पाइनमध्ये वर्षभरात ओलाव्याचा फरक पाच टक्के धरला तरी चालेल. पाइन आडव्या रुंदीत दर एक टक्का ओलाव्याला साधारण पाव टक्का हलतं. ९५ मिमीच्या फळीला पाच टक्क्यांत १.२ मिमी, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत अर्ध्या सुताच्या आसपास. ऐकायला हे काहीच नाही. पण अडतीस फळ्या शेजारी शेजारी आहेत, आणि सगळ्यांचं मिळून साडेचार सेंटिमीटर होतं. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही, म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना ५-५ मिमी मोकळं सोडलं की झालं.

लपवलेल्या खिळ्याची खरी युक्ती इथेच आहे. तो नुसता दिसू नये म्हणून नसतो. प्रत्येक फळी फक्त जिभेच्या कडेला खिळलेली असते, दुसरी कडा मागच्या फळीच्या जिभेवर नुसती बसलेली असते. त्यामुळे फळी आकसली की आपल्या खिळ्याकडे आकसते आणि तिची खाच मागच्या जिभेवरून सरकते. प्रत्येक सांध्यात आपापला मिलिमीटर वाटून जातो. जिभेची लांबी पाच-सहा मिमी असते, त्यामुळे मिलिमीटरभर सरकूनही ती खाचेतच राहते.

ही वाटणी मोडायचे दोन हमखास मार्ग आहेत. एक, फळी सुटू नये म्हणून 'जरा मजबुतीला' दुसऱ्या कडेलाही समोरून खिळा मारणं. मग फळीला हलायला जागाच नसते आणि उन्हाळ्यात ती मधोमध उभी चिरते. दुसरा मार्ग म्हणजे खाचेत पांढरा गोंद भरणं. चार-पाच फळ्या गोंदाने एक झाल्या की त्या सगळ्यांचं आकसणं एकाच सांध्यात येऊन साचतं. पाच फळ्यांचे ६ मिमी, जीभ पाच मिमी. ती जीभ बाहेर निसटते आणि फळीची ती कडा खाली लोंबते. खोलीत बाकी सगळे सांधे घट्ट आणि एकच बोटभर उघडा दिसला, तर आधी गोंदाचा संशय घ्या. बसवल्यानंतर सगळ्या सीलिंगवर एकसंध जाड रंग मारला तरी तोच प्रकार होतो, कारण सांध्यात उतरलेला रंग गोंदासारखाच धरतो.

आता पांढऱ्या रेघा. फळी बसवून मग पॉलिश केलं, तर पॉलिश जिभेवर पोचतच नाही. उन्हाळ्यात सांधा मिलिमीटरभर उघडला की मागच्या जिभेचं कोरं लाकूड दिसतं, गडद पॉलिशमध्ये तर ते खडूने ओढल्यासारखं उठून दिसतं. म्हणून पहिला हात जमिनीवरच द्या, जिभेला आणि खाचेच्या कडांना ब्रशने भरून. पाठीलाही सीलरचा एक हात द्या. नाहीतर तापलेल्या स्लॅबकडची बाजू आणि खोलीकडची बाजू वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि फळीची वाटी होते. शेवटचा हात बसवल्यावर द्यायचा, पण तो पातळ, सांध्यात न साचणारा.

बसवण्याआधी फळ्या त्याच खोलीत आठ-दहा दिवस ठेवा, जमिनीवर आडव्या, प्रत्येक थरात पातळ पट्ट्या घालून. भिंतीला टेकून उभ्या केल्या तर बाक येतो. लाकूड खोलीच्या हवेत रुळलं की नाही, ते ओलावा मोजायच्या यंत्राशिवायही कळतं. दीडेक फुटाचा एक तुकडा कापा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज त्याच वेळी तोला. लागोपाठ तीन दिवस वजन बदललं नाही, तर काम सुरू करा. खोलीत नवं प्लास्टर झालं असेल तर मात्र ते पुरतं वाळेपर्यंत फळ्या आतच आणू नका.

मग सांधा किती सोडायचा? जुलै-ऑगस्टमध्ये बसवत असाल तर खाच जिभेवर पुरती बसवा. लाकूड तेव्हा फुगलेलं आहे, पुढे ते आकसणारच. एप्रिल-मेमध्ये बसवत असाल तर प्रत्येक सांध्यात एक मिमी सोडा. त्यासाठी १ मिमी जाडीच्या सनमायकाचा तुकडा घ्या. तो सांध्यात अडकवून फळी बसवा, खिळा मारा आणि तुकडा काढून पुढे चला. मेमध्ये घट्ट ठोकलेली सीलिंग पावसात फुगते, भिंतीला टेकते आणि मग मधून खाली पोटासारखी उतरते. सागाचं हलणं पाइनपेक्षा कमी असतं, तिथे अर्ध्या मिमीत भागतं.

हा एक मिमी शेवटच्या फळीचं गणितही बदलतो. भिंतीलगत दोन्हीकडे १० मिमी सोडले की रुंदी ३५८० मिमी उरते. घट्ट बसवलं तर ३७ पूर्ण फळ्या आणि ६५ मिमीची एक, ठीक दिसतं. एक मिमी सोडला तर एका फळीची जागा ९६ मिमी होते, ३७ फळ्यांत ३५५२ जातात आणि शेवटी २८ मिमीची चिरफळी उरते. तिला धड खिळाही लागत नाही. अशा वेळी पूर्ण फळ्या ३६ ठेवा आणि दोन्ही टोकांना ६२-६२ मिमीच्या फळ्या घ्या. पहिल्या फळीची खाचेकडची बाजू कापायची, जीभ शाबूत ठेवायची. हे गणित कागदावर, पहिली फळी चढवायच्या आधी.

खिळा मारताना

पहिली फळी भिंतीपासून १० मिमी सोडून, जीभ खोलीकडे. तिची भिंतीकडची कडा समोरूनच खिळायची, ते खिळे पुढे कडेच्या पट्टीखाली झाकले जातात. तिला दोरीवर तंतोतंत सरळ ठेवा, भिंतीवर विसंबू नका. जुन्या वस्तीतल्या घरांत समोरासमोरच्या भिंती क्वचितच समांतर असतात. नंतर दर पाचव्या फळीला दोन्ही टोकांपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा. फरक पडत असेल, तर पुढच्या चार-पाच सांध्यांत एका टोकाला अर्धा-अर्धा मिमी जास्त देऊन हळूहळू भरून काढा. शेवटी एकदम भरायला गेलात तर पाचर कापावी लागेल.

खिळ्याची जागा म्हणजे जीभ जिथे फळीच्या अंगाला मिळते तो कोपरा. कोन ४५ अंश, टोक फळीच्या अंगाखालून रिपेकडे. कोन जास्त उभा झाला तर जीभ मुळातून तुटते. फारच आडवा झाला तर खिळा फळीतच लांबवर जातो आणि रिपेत नावापुरता शिरतो. बंदुकीने मारत असाल तर १८ गेजचा ३८ मिमी खिळा घ्या. हवेचा दाब ८० पीएसआयपासून सुरू करा आणि आधी टाकाऊ तुकड्यांवर मारून डोकं किती आत जातं ते पाहा. डोकं जिभेच्या पृष्ठाशी सपाट किंवा किंचित आत हवं. जीभ फोडून पार गेलं तर तो खिळा फळीला धरतच नाही, शेजारी दुसरा मारा. हातोडीने काम असेल तर १.६ मिमीचा बारीक डोक्याचा खिळा आणि आधी १.२ मिमीचं भोक, विशेषतः फळीच्या टोकांजवळ. शेवटचे दोन-तीन घाव पंच लावूनच. हातोडी थेट मारायला गेलात तर ती फळीच्या कडेला आदळते, आणि तिथली खळगी पॉलिशनंतर जास्तच दिसते.

एकेका सांध्याला नऊ रिपांवर नऊ खिळे, म्हणजे सगळ्या खोलीत साडेतीनशेच्या घरात. त्यातलं एकही डोकं वर राहिलं, तर पुढच्या फळीची खाच तिथे पुरती बसत नाही आणि सांधा एका जागी उघडा राहतो. मग मिस्त्री पुढची फळी ठोकून बसवायला बघतो आणि खाचेचा ओठ फोडतो. पुढची फळी लावण्याआधी जिभेवरून बोट फिरवा, लागतं का पाहा. वाकलेला खिळा पक्कडने उपटा, ठोकून आडवा करू नका. फळी पुढे सरकवताना हातोडी थेट जिभेवर मारू नका. दुसऱ्या फळीचा हातभर तुकडा जिभेवर बसवा आणि त्यावर हलके ठोका.

बाक आलेली फळी मधूनच उघडी राहते. ती ओढायची युक्ती अशी. जुनी पटाशी फळीच्या कडेपाशी रिपेत उभी रोवा आणि तिचा दांडा फळीकडे रेटा, म्हणजे पात्याच्या जोराने फळी सांध्यात सरकते. तेवढ्यात जोडीदाराने खिळा मारावा. याने जर सांधा मिटत नसेल तर ती फळी बाजूला काढा, कडेच्या तुकड्यांना उपयोगी पडेल.

भिंतीवर काम करताना नियम तेच. फळी आडवी असेल तर रिपा उभ्या, आणि जीभ नेहमी वर. खाच वर ठेवली तर तिच्यात धूळ आणि ओल साठते. जमिनीलगतच्या रिपांना वाळवीचं औषध दोन हात लावूनच चढवा, काळ्या मातीच्या वस्तीत हे टाळून चालत नाही. वरच्या मजल्याच्या सीलिंगला वाळवीपेक्षा गळतीचं भय जास्त. गच्चीचं पाणी कुठे उतरतं ते एक पावसाळा पाहून, दुरुस्त करून, मगच लाकूड चढवा.

बसवून झालेल्या कामात एखाद्या फळीची कडा लोंबू लागली, तर सगळी सीलिंग खोलायची गरज नसते. सांध्याच्या रेघेत, रिपेच्या बरोबर खाली, १ मिमीची बारीक पिन वर मारा. डोकं पंचने आत ढकला आणि पॉलिशच्या रंगाची लांबी म्हणजे पुट्टी भरा. मधली एखादी फळी चिरली असेल तर ती ओढून निघत नाही, खिळे जिभेत अडकलेले असतात. गोल करवतीची खोली १२ मिमी लावून फळीच्या मधोमध लांबीभर दोन चिरा घाला. मधली पट्टी निघाली की दोन्ही बाजूंचे तुकडे सुटतात. उरलेले खिळे कापा. नव्या फळीच्या खाचेचा मागचा ओठ, म्हणजे स्लॅबकडचा, पटाशीने काढून टाका. आधी तिची जीभ पुढच्या फळीच्या खाचेत सरकवा, मग ओठ काढलेली कडा वर दाबून मागच्या जिभेवर टेकवा. या एका फळीला मात्र समोरून, त्याच कडेच्या रेघेत पिना माराव्या लागतात.